वजन उचलल्याने, कॉफी प्यायल्याने मुलांची उंची खुंटते का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बालरोगतज्ज्ञ आहे. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याकडचे पालक आणि कबड्डीचे, मल्लखांबाचे शिक्षक उंचीबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही प्रश्न थेट मुलांचेच आहेत, निनावी चिठ्ठीवर लिहून आलेले.

१. मुलगा जिमला जातो, वजन उचलतो. त्याने उंची खुंटते का?

नाही. मुलांना देखरेखीखाली वजनाचा व्यायाम देऊन त्यांची उंची मोजत राहिलेले अभ्यास बरेच झाले आहेत. व्यायाम करणाऱ्यांची वाढ न करणाऱ्यांपेक्षा कमी झाल्याचं त्यांत आढळलेलं नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2008 मध्ये आणि पुन्हा 2020 मध्ये हेच सांगितलं: तंत्र नीट असेल आणि शिकवणारा हजर असेल तर मुलांनी वजनाचा व्यायाम करायला हरकत नाही.

'वजनाने हाड दबतं' हा तर्क पटण्यासारखा वाटतो खरा. पण मग आपली मुलं बांधावरून उड्या मारतात तेव्हा काय होतं? उडी मारून खाली येताना गुडघ्या-घोट्यावर शरीराच्या वजनाच्या तीन-चार पट भार पडू शकतो. तेरा वर्षांच्या मुलाच्या हातातला चार किलोचा डंबेल त्यापुढे काहीच नाही. तरी उडी मारली म्हणून कुणाची उंची थांबल्याची तक्रार माझ्याकडे अजून आलेली नाही.

२. मुळात उंची वाढते कशी आणि थांबते कशामुळे?

लांब हाडांच्या टोकाजवळ कूर्चेची एक पातळ चकती असते, तिला ग्रोथ प्लेट म्हणतात. तिथल्या पेशी एकावर एक रचल्यासारख्या वाढतात, फुगतात आणि शेवटी त्यांच्या जागी हाड तयार होतं. चकती पुढे सरकते, मागे हाड राहतं. चिऱ्याची भिंत थरावर थर चढत जाते, तसंच.

ही चकती बंद होते ती वयात येताना वाढणाऱ्या इस्ट्रोजेनमुळे. मुलग्यांमध्येसुद्धा, कारण त्यांच्या टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. 1994 मध्ये एका 28 वर्षांच्या पुरुषाची नोंद प्रसिद्ध झाली. त्याच्या शरीरावर इस्ट्रोजेनचा परिणामच होत नव्हता. त्याची उंची 204 सेंटीमीटर झाली होती, चकत्या उघड्याच होत्या आणि तो अजून वाढत होता. म्हणजे चकतीला कुलूप घालणारं हार्मोन असतं, भार नव्हे. मुलींमध्ये हे कुलूप साधारण 14-15 व्या वर्षी लागतं, मुलग्यांमध्ये 16-17 व्या, पण दोन्हीकडे वर्ष-दोन वर्षं मागेपुढे होतं.

भाराने चकतीला इजा होऊच शकत नाही, असं मात्र नाही. तो अपवाद नवव्या प्रश्नात आहे.

३. मग ही समजूत आली कुठून? आमचे आजोबाही हेच सांगायचे.

तिची दोन मुळं आहेत. पहिलं, लहानपणापासून ओझी वाहणारी मुलं खरोखरच खुजी दिसायची. आपल्याकडे चिरेखाणीवर राबलेली माणसं बघा, किंवा लहान वयातच मासळीची पाटी डोक्यावर घेतलेल्या बायका. ओझं डोळ्यांना दिसायचं. अर्धपोटी राहणं, दर पावसाळ्यातली हगवण, पोटातले जंत दिसायचे नाहीत. दोष दिसणाऱ्या गोष्टीवर गेला. रापण ओढायला तर चांगल्या घरची, पोटभर खाणारी पोरंही दोराला हात लावतातच, आणि त्यांच्यात सहा फुटीही निघतात.

दुसरं मूळ डॉक्टरांकडेच आहे. 1970 आणि 80 च्या दशकांत वजन उचलताना मनगटाची ग्रोथ प्लेट मोडलेल्या काही मुलांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. त्यांत बरीच मुलं कुणाची देखरेख नसताना झेपणार नाही इतकं वजन डोक्यावर उचलायला गेली होती. एका हाडाच्या अपघातावरून 'वजनाने उंची खुंटते' असा नियम झाला आणि तो पुस्तकांतून, शिक्षकांतून पसरला. मीही शिकत असताना तो निमूटपणे वहीत उतरवून घेतला होता.

४. सुरुवात कोणत्या वयात करावी? किती वजन?

वयाच्या आकड्यापेक्षा मूल सांगितलेलं ऐकून तसं करतं का, हे बघा. सात-आठ वर्षांचं बहुतेक मूल ते करू शकतं. आधी नुसत्या अंगाच्या वजनावर बैठका, जोर, दोराला लोंबकळणं. मग रिकामी काठी घेऊन बैठक, आणि ती सरळ येऊ लागली की हलके डंबेल.

आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस पुरेत, मध्ये एक दिवस सोडून. वजन असं निवडा की 10 ते 15 वेळा उचलताना शेवटचे दोन जड जातील, पण पाठ वाकणार नाही. पंधरा वेळा सहज जमायला लागलं की वजन पाच-दहा टक्क्यांनी वाढवा. वाढ पूर्ण होईपर्यंत 'एकदाच जास्तीत जास्त किती उचलतोस बघू' हा खेळ बंद ठेवा. पोरांच्या पैजा तिथेच लागतात आणि दुखापतीही तिथेच होतात. लहान मुलांच्या बहुतेक इजा हाता-पायाच्या असतात, वजन पायावर पडून किंवा प्लेटांत बोट चेंगरून. त्यामुळे घरी डंबेल असतील तर धाकटं भावंड तिथे रांगत नाही ना, एवढं पाहा.

पहिल्या दोन-तीन महिन्यांत ताकद वाढेल, पण दंड फुगलेले दिसणार नाहीत. मज्जातंतू स्नायूंना नीट कामाला लावायला शिकतात, त्याची ती ताकद असते. हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असलेल्या मुलाला मात्र आधी डॉक्टरांना दाखवूनच जिमला पाठवा.

५. पण आमच्या मुलाची उंची जिम लावल्यावरच थांबली, आम्ही स्वतः पाहिलं. त्याचं काय?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त येतो, म्हणून एक उदाहरण सविस्तर सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

सव्वातेरा वर्षांच्या एका मुलाला आजी घेऊन आली. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली, "डाक्टरानू, त्या लोखंडाक हात लावल्यापासून झिलग्याची वाढच खुंटली." मुलाने दिवाळीच्या सुट्टीत जिम लावलं होतं आणि आता जानेवारी होता. तोवर वर्गातले दोन मित्र त्याच्या डोक्याच्या वर गेले होते.

मी शाळेतल्या नोंदी मागवल्या. सहावीच्या जूनमध्ये 138 सेंटीमीटर, सातवीच्या जूनमध्ये 142.5, आठवीच्या जूनमध्ये 147. माझ्याकडे आला तेव्हा 149.5. म्हणजे जिमच्या आधीची दोन वर्षं तो वर्षाला साडेचार सेंटीमीटरने वाढत होता आणि शेवटच्या सात महिन्यांत अडीचने, म्हणजे जवळजवळ त्याच गतीने. जिमने काही बदललं नव्हतं. बदलले होते ते मित्र. ते वयात आले होते आणि हा अजून आला नव्हता. वयात येण्याच्या जरा आधी वाढीची गती थोडी मंदावतेच.

मग वडिलांना विचारलं. "मी दहावीनंतरच वाढलो, त्याआधी रांगेत पहिला असायचो," ते म्हणाले. डाव्या हाताचा एक्स-रे काढून हाडांचं वय पाहिलं. ते साडेअकराच्या आसपास निघालं, खऱ्या वयापेक्षा जवळजवळ दोन वर्षं मागे. म्हणजे चकत्यांना काम करायला अजून भरपूर वेळ होता. वडील 171, आई 156. मुलग्यासाठी दोघांच्या उंचीच्या बेरजेत 13 मिळवून निम्मे केले की 170 येतात. या आकड्याच्या साधारण आठ सेंटीमीटर खाली-वर कुठेही मूल पोहोचू शकतं.

औषध काही दिलं नाही. जिमही बंद केलं नाही. पुढच्या सहा महिन्यांत तो अडीच सेंटीमीटर वाढला आणि त्यानंतरच्या वर्षात नऊ. आजी आता म्हणते, जिममुळे वाढला. तेही खरं नाही, पण मी वाद घातला नाही.

जिम लावण्याचं वय आणि वाढीचा जोर कमी-जास्त होण्याचं वय एकच असतं, म्हणून हा गोंधळ होतो. जिमच्या आधीच्या दोन उंच्या हातात असल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

६. मुलगी कबड्डी खेळते. वजनगटात बसण्यासाठी सर दोन किलो उतरवायला सांगतात. त्याने काही होतं का?

होतं. या पानावरची सर्वांत महत्त्वाची चिंता हीच, आणि ती कुणी सहसा विचारत नाही. किशोर आणि कुमार गटांत वयाबरोबर वजनाचीही मर्यादा असते. स्पर्धेच्या आधी मुलं सकाळची पेज सोडतात, रात्रीचा भात बंद करतात, जाड कपडे घालून धावून घाम काढतात. वर रोज दोन तास सराव.

शरीराला मिळणारं अन्न खर्चापेक्षा सतत कमी पडलं की ते आधी वाढीचा खर्च कापतं. यकृतातून निघणारं, चकतीतल्या पेशींना वाढायला सांगणारं आयजीएफ-1 नावाचं हार्मोन कमी होतं. मुलींची पाळी लांबते किंवा बंद होते. एका स्पर्धेपुरतं झालं तर वाढ पुढे भरून निघते. वर्षानुवर्षं चाललं तर हाडं कच्ची राहतात.

ओळखायचं कसं? पाळी सलग तीन महिने आली नाही, किंवा सहा महिन्यांत उंची वाढली पण वजन तेवढंच राहिलं किंवा घटलं, तर सरांशी बोला. वाढत्या वयात वजन वाढणारच, तेव्हा तिला वरच्या गटात खेळवा. भात-मासे, कुळथाची पिठी, अंडं, दूध यांतलं काहीही तोडू नका.

७. कॉफीने उंची कमी होते म्हणतात. बारावीचा मुलगा रात्री जागायला पितो.

कॉफीने उंची कमी होते, याला पुरावा नाही. ही भीती बरीचशी अमेरिकेतून आलेली आहे. तिथे सी. डब्ल्यू. पोस्ट नावाच्या माणसाने 1895 मध्ये भाजलेल्या धान्याचं 'पोस्टम' हे पेय बाजारात आणलं आणि ते खपवायला कॉफी कशी वाईट, याच्या जाहिराती केल्या. मुलांना कॉफी देऊ नका, हाही त्यातलाच सूर.

पुढे त्याला कॅल्शियमचं कारण जोडलं गेलं. कॅफिनमुळे लघवीतून थोडं कॅल्शियम जास्त जातं, हे खरं. पण एका कपाचं नुकसान एक-दोन मोठे चमचे दुधाने भरून निघतं, आणि आपली कॉफी तर अर्धी दुधाचीच असते. अमेरिकेत 81 मुलींना बाराव्या ते अठराव्या वर्षापर्यंत तपासत राहिले, तेव्हा जास्त कॅफिन घेणाऱ्यांची हाडं कमी घेणाऱ्यांपेक्षा कच्ची निघाली नाहीत.

माझी तक्रार वेगळी आहे. रात्री दहाच्या कॉफीतलं निम्मं कॅफिन पहाटे तीनलाही अंगात असू शकतं. मुलगा जागतो, सकाळी पेंगतो, मग पुन्हा कॉफी. बारा वर्षांनंतर दिवसाला 100 मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन ही साधारण मानली जाणारी मर्यादा आहे. चमचाभर इन्स्टंट कॉफीत 50-60 मिलिग्रॅम असतं, चिकोरी मिसळलेली असेल तर कमी. म्हणजे एखादा कप, तोही दुपारी चारच्या आत. त्याहून लहान मुलांना कॉफीची गरजच नाही.

टपरीवरच्या एनर्जी ड्रिंकचं गणित वेगळं. अडीचशे मिलिलिटरच्या डब्यात साधारण 75 मिलिग्रॅम कॅफिन आणि वर ढीगभर साखर. मुलांसाठी नाही, असं त्या डब्यावरच छापलेलं असतं. सामन्याआधी दोन डबे रिचवून छातीत धडधडतंय म्हणून आलेली पोरं मी पाहिली आहेत.

८. आमच्याकडे कॉफी नाही, चहा. चार वर्षांचं पोरही चहात बटर बुडवून खातं.

चहानेही उंची खुंटत नाही. पण चहातल्या टॅनिनमुळे जेवणातलं लोह अंगी लागत नाही. पालेभाजी, नाचणी, डाळी यांतलं लोह तर विशेष. आणि सकाळी चहा-बटरने पोट भरलेलं मूल पेज किंवा घावन खात नाही. पोट भरल्यासारखं वाटतं, पण आत काही गेलेलं नसतं. अशा मुलाचं हिमोग्लोबिन बऱ्याचदा कमी निघतं. पाच वर्षांखालच्या मुलाचा चहा बंदच करा. मोठ्यांना द्यायचाच तर जेवणानंतर तासाभराने.

९. मुलगा जांभळीवरून पडला, मनगट सुजलंय. हाडवैद्य म्हणतात, मुरगळलंय. त्याचा उंचीशी काही संबंध?

ग्रोथ प्लेटला खरी इजा होते ती अशी, जिममध्ये क्वचितच. वाढत्या वयात चकती तिच्या भोवतीच्या अस्थिबंधांपेक्षा नाजूक असते. मोठ्या माणसाचं जिथे मुरगळतं, तिथे मुलाची चकती सरकते. म्हणून सांध्याजवळच्या हाडावर नेमकं बोट ठेवल्यावर मूल कळवळत असेल, तर 'मुरगळलंय' म्हणून सोडू नका. चोळू नका, ओढू तर मुळीच नका. ओढून बसवण्याच्या नादात सरकलेली चकती आणखी सरकते.

एक्स-रे काढा. अडचण अशी की चकती कूर्चेची असल्याने एक्स-रेत दिसत नाही, आणि ती न सरकता फक्त फाटली असेल तर फोटो अगदी ठीक येतो. तरीही दुखत असेल तर हात आधाराला बांधून दहा-चौदा दिवसांनी पुन्हा फोटो काढतात. अशा बहुतेक इजा पूर्ण बऱ्या होतात. थोड्या मुलांत चकतीचा भाग वेळेआधी बंद होतो आणि ते एक हाड आखूड किंवा वाकडं वाढतं. त्यासाठी सहा महिन्यांनी आणि वर्षाने दोन्ही हात शेजारी धरून पाहायचे. पाहा, इथेही एक हाड बिघडतं, अख्ख्या मुलाची उंची नाही.

१०. जिमवाला पावडर आणि 'कोर्स' घ्यायला सांगतो. घेऊ का? (वय १६)

साध्या प्रोटीन पावडरने उंची खुंटत नाही, फक्त पैसे जातात. तेवढं प्रोटीन दोन अंडी आणि एका बांगड्यात मिळतं. पण 'कोर्स' म्हणजे बहुतेक वेळा ॲनाबॉलिक स्टेरॉइड, गोळी किंवा इंजेक्शन. ते मात्र उंची खरोखर थांबवू शकतं. बाहेरून घेतलेलं टेस्टोस्टेरॉन शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतं आणि दुसऱ्या प्रश्नात सांगितलेलं कुलूप वेळेआधी लागतं. एकदा लागलं की उघडत नाही. लेबल नसलेली, 'एका महिन्यात दहा किलो' म्हणणारी डबी असेल तरी हाच संशय धरा. तू आधीच घेत असलास तर न घाबरता डॉक्टरांना सांग.

११. दम्याच्या पंपाने उंची खुंटते म्हणून आम्ही तो बंद केला. बरोबर केलं ना?

नाही, पण तुमची भीती अगदीच निराधार नाही. रोजच्या स्टेरॉइड पंपाने सुरुवातीच्या काळात वाढ थोडी मागे पडते. अशा मुलांचा मोठेपणापर्यंत पाठपुरावा केलेल्या एका मोठ्या अभ्यासात त्यांची अंतिम उंची सरासरी 1.2 सेंटीमीटरने कमी निघाली. याउलट दमा आटोक्यात नसलेलं मूल रात्री झोपत नाही, जेवत नाही आणि वारंवार तोंडाने स्टेरॉइडच्या गोळ्या घेत राहतं. त्याने वाढ कितीतरी जास्त मारली जाते. आपल्या दमट हवेत, भिंतींना बुरशी धरणाऱ्या पावसाळ्यात तर पंप बंद करूच नका. डोस कमी करता येईल का, ते डॉक्टरांना विचारा.

१२. ओलांडल्याने, पाळी आल्याने, हस्तमैथुनाने उंची थांबते का? लटकल्याने वाढते का?

झोपलेल्या मुलाला ओलांडलं की वाढ खुंटते आणि उलट ओलांडलं की उतारा पडतो, हे माझ्या आईनेही मला करायला लावलं आहे. त्याचा उंचीशी काही संबंध नाही. पाय पडून मूल तुडवलं जाऊ नये, एवढाच त्यातला व्यवहार असेल.

हस्तमैथुनाने आणि स्वप्नदोषाने उंची, ताकद, काहीच जात नाही. चिठ्ठी पाठवणाऱ्या मुलांनो, निर्धास्त राहा.

पाळी आली म्हणजे वाढ त्या दिवशी थांबत नाही. मुलीचा वाढीचा सर्वांत मोठा जोर पाळीच्या आधी होऊन गेलेला असतो, त्यानंतरही ती साधारण पाच-सात सेंटीमीटर वाढते.

लटकल्याने पाठीच्या मणक्यांमधल्या चकत्या तात्पुरत्या मोकळ्या होतात, तेवढंच. सगळेच जण सकाळी संध्याकाळपेक्षा एक-दीड सेंटीमीटर उंच असतात. जड वजन उचलल्यावर उंची काही मिलिमीटर कमी भरते, तीही झोपून उठल्यावर परत येते. कुणी जिमच्या आधी आणि नंतर टेप लावून घाबरलं असेल, तर कारण हे आहे.

१३. घरी उंची कशी मोजायची आणि डॉक्टरकडे कधी जायचं?

चप्पल काढून, टाचा, ढुंगण आणि खांदे भिंतीला टेकवून उभं करा. नजर समोर. डोक्यावर जाड पुस्तक भिंतीला काटकोनात दाबून पेन्सिलने खूण करा, तारीख लिहा. दर वेळी सकाळीच मोजा. दर महिन्याला मोजू नका, अर्ध्या सेंटीमीटरची चूक सहज होते आणि महिन्याची वाढ जवळजवळ तेवढीच असते. सहा महिन्यांनी मोजा. घराला रंग काढायचा असेल तर आधी खुणा वहीत उतरवून घ्या, गणपतीच्या आधी रंगकाम काढलेल्या घरांत हा पुरावा दरवर्षी पुसला जातो.

चार वर्षांनंतर वयात येईपर्यंत मूल वर्षाला पाच-सहा सेंटीमीटर वाढतं. वर्षभरात चारपेक्षा कमी भरली, किंवा वाढीच्या तक्त्यावर मूल वरच्या रेषेवरून खालच्या रेषेवर घसरत चाललं, तर दाखवा. मुलीला आठच्या आधी किंवा मुलाला नऊच्या आधी वयात येण्याची लक्षणं दिसली, तरी दाखवा. अशी मुलं आधी सगळ्यांपेक्षा उंच दिसतात आणि लवकर थांबतात, म्हणून पालक खुशीत असतात आणि उशिरा येतात. उलट, मुलगी तेराची आणि मुलगा चौदाचा झाला तरी काहीच लक्षण नसेल, तेव्हाही या. येताना त्या भिंतीवरच्या खुणांचा मोबाइलवर फोटो काढून आणा.